निबंधकांना उशिराबद्दलचे पत्र: माफी कशाची मागायची आणि कशाची नाही

प्रश्न: आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, भरणा भांडवल अकरा कोटी. २०२३-२४ ची एजीएम ३० सप्टेंबर २०२४ ला वेळेत झाली, हिशेब मंजूर झाले, पण एओसी-४ एक्सबीआरएल आणि एमजीटी-७ दोन्ही राहिले. अकाउंट्स हेड ऑक्टोबरमध्ये सोडून गेले, एक्सबीआरएल करणाऱ्या एजन्सीशी बिलावरून वाद झाला, मग एमडींची डीएससी संपली. आता आरओसीची ३ मार्च २०२५ ची नोटीस आली आहे. उशीर माफ करावा, लेट फी आणि दंड लावू नये असे पत्र सीएस या नात्याने मला लिहायचे आहे. कसे लिहू?

उत्तर:

पत्र आज लिहू नका. आधी दोन्ही फॉर्म भरा, चलन हातात घ्या आणि मग लिहायला बसा. हा क्रम उलटा झाला तर पत्र कितीही चांगले उतरले तरी त्याचा उपयोग नाही. क्रम बरोबर असेल तर साधे दोन पानी पत्रसुद्धा काम करते.

याचे कारण कायद्यातच आहे. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ४५४ च्या पोटकलम (३) ला २०२० च्या दुरुस्तीने एक परंतुक जोडले गेले. वार्षिक विवरणपत्र (कलम ९२ (४)) किंवा वित्तीय विवरणे (कलम १३७ (१) आणि (२)) भरण्यातली कसूर नोटीस निघण्यापूर्वी किंवा नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केली, तर दंड लावायचा नाही आणि कार्यवाही संपली असे मानायचे, असे ते सांगते. तुमच्या दोन्ही कसुरी नेमक्या याच दोन कलमांतल्या आहेत. म्हणजे तुम्हाला जी दया मागायची आहे ती संसदेने आधीच देऊन ठेवली आहे, फक्त ती मुदतीला बांधलेली आहे.

ती मुदत नीट मोजा. तीस दिवस नोटीस निघाल्याच्या तारखेपासून धरायचे, तुमच्या हाती पडल्याच्या तारखेपासून नाही. ३ मार्चची नोटीस तुम्ही ८ किंवा १० मार्चला पाहिली असली तरी शेवटचा दिवस २ एप्रिल २०२५ हाच. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत वेगळी असते. ती नियमांप्रमाणे पंधरा ते तीस दिवसांची असते आणि नोटीस पोचल्यापासून मोजली जाते. लोक या दोन मुदतींची गल्लत करतात. उत्तराला अजून वेळ आहे म्हणून फॉर्मही थांबवून ठेवतात आणि परंतुकाची तारीख निघून जाते. मी तर २ एप्रिलचीही वाट पाहणार नाही. मार्चअखेर पोर्टलवर काय परिस्थिती असते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आणखी एक खात्री करून घ्या. हाती आलेला कागद खरोखर अधिनिर्णय अधिकाऱ्याची नोटीस आहे का? कलम ४५४ आणि अधिनिर्णय नियमांतल्या नियम ३ चा उल्लेख त्यात असायला हवा. 'आपली विवरणे प्रलंबित दिसतात, त्वरित भरा' अशा आठवणीच्या मेलमधून ही तीस दिवसांची मुदत सुरू होत नाही. तसा मेल असेल तर तुम्ही अजून 'नोटिशीपूर्वी' या जास्त सोयीच्या बाजूला आहात.

आता लेट फीचे पाहू. ही मागणी पत्रातून काढून टाका. कलम ४०३ खालचे अतिरिक्त शुल्क या दोन फॉर्मांना दिवसाला शंभर रुपये आहे, १ जुलै २०१८ पासून त्याला कमाल मर्यादा नाही, आणि ते पोर्टल स्वतः मोजून चलनात टाकते. ते माफ करायचा अधिकार निबंधकांना नाही. अशी सूट मिळालीच तर मंत्रालयाच्या योजनेतून मिळते, जशी २०२० च्या कंपनीज फ्रेश स्टार्ट स्कीममध्ये मिळाली होती. जो अधिकार समोरच्याकडे नाहीच तो वापरा असे लिहिले की वाचणाऱ्याला कळते, या सीएसने कलम उघडून पाहिलेले नाही. त्यापुढचा मजकूरही तो मग त्याच नजरेने वाचतो.

रक्कम किती ते पाहा. एजीएम ३० सप्टेंबरची, म्हणून एओसी-४ ची मुदत तीस दिवस, ३० ऑक्टोबर २०२४ पर्यंत. एमजीटी-७ ची साठ दिवस, २९ नोव्हेंबर २०२४ पर्यंत. समजा दोन्ही फॉर्म तुम्ही १७ मार्च २०२५ ला भरले. एओसी-४ ला १३८ दिवस उशीर, म्हणजे १३,८०० रुपये. एमजीटी-७ ला १०८ दिवस, म्हणजे १०,८०० रुपये. अधिकृत भांडवल एक कोटीच्या वर असल्याने प्रत्येकी सहाशे रुपये नेहमीचे शुल्क. एकूण २५,८०० रुपये. एमडींना हा आकडा आजच सांगा आणि भरून टाका. यावर वाटाघाटी करण्यात दिवस घालवले तर तेही दिवसाला शंभराच्या दराने वाढतच राहतात, दोन फॉर्म म्हणून दोनशे.

ही फी भरली म्हणजे दंड टळला असेही समजू नका. कलम ४०३ मध्येच म्हटले आहे की अतिरिक्त शुल्क भरल्याने दुसरी कारवाई किंवा जबाबदारी संपत नाही. दंड वाचतो तो फक्त त्या परंतुकामुळे.

दंडाची गोष्ट निघालीच आहे तर तुमच्या स्वतःच्या स्थितीबद्दल सांगतो, कारण प्रश्नात ती कुठेच दिसली नाही. कलम १३७ च्या कसुरीत दंड कंपनीवर, तसेच व्यवस्थापकीय संचालक आणि सीएफओ असल्यास त्यांच्यावर बसतो. तिथे सीएसचे नाव थेट नाही. पण कलम ९२ मध्ये दंड कंपनीवर आणि 'कसूर करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यावर' आहे. कलम २ (६०) प्रमाणे त्या अधिकाऱ्यांत मुख्य व्यवस्थापकीय व्यक्ती येतात, आणि पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी त्यांतलाच एक. भरणा भांडवल दहा कोटींच्या वर असल्यामुळेच तुमच्या कंपनीला पूर्णवेळ सीएस ठेवणे भाग आहे. थोडक्यात, एमजीटी-७ च्या बाबतीत तुम्ही कंपनीची बाजू मांडणारे आहात आणि नोटिशीतले एक पक्षकारही. त्या वाट्याचा दंड आदेशाप्रमाणे स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, कंपनीच्या खात्यातून नाही. म्हणून पत्र कोणाच्या वतीने जाते ते स्पष्ट लिहा. कंपनीसाठी सही करायला बोर्डाचा ठराव घ्या, एमडींसाठी त्यांचे सहीचे अधिकारपत्र घ्या, आणि तुमचे स्वतःचे म्हणणे एका वेगळ्या परिच्छेदात मांडा. नुसते 'कंपनीतर्फे' असे उत्तर गेले तर इतर दोघांकडून उत्तर आलेच नाही असे आदेशात लिहिले जाऊ शकते.

आता कारणांकडे येऊ, कारण खरे पत्र तिथेच घडते किंवा बिघडते.

परंतुकासाठी कारणांची गरज नाही. मुदतीत भरले, एवढेच पुरते. तरीही कारणे लिहायची, कारण ती तुमच्या कंपनीच्या नोंदीत राहतात. पुढे कधी दुसऱ्या कसुरीत दंड ठरवायची वेळ आली तर अधिनिर्णय अधिकाऱ्याने पाहायच्या बाबींत 'कसुरीची पुनरावृत्ती' ही एक बाब आहे. दुसरे म्हणजे, खोटे कारण लिहिले तर साध्या उशिराचे प्रकरण कलम ४४८ च्या खोट्या निवेदनापर्यंत जाऊ शकते. त्यामुळे कारणे मोजकी द्या आणि कागदांनी सिद्ध होतील तेवढीच द्या.

निबंधक कार्यालयात बसलेला माणूस कारण कसे तपासतो ते लक्षात घ्या. तो तुमच्या कहाणीत गुंतत नाही, तारखा मोजतो. १३८ दिवस उशीर असेल तर त्यांतल्या कोणत्या दिवसाचा हिशेब लागतो आणि कोणत्याचा नाही, हे तो पाहतो. तुमची तिन्ही कारणे मी त्याच्या जागी बसून वाचून दाखवतो.

अकाउंट्स हेड सोडून गेले. कधी? ऑक्टोबरमध्ये. पण लेखापरीक्षण अहवालावर सही सप्टेंबरची किंवा त्याआधीची असणार, कारण हिशेब ३० सप्टेंबरच्या सभेत मंजूर झाले. अहवालावर तारीख असते, यूडीआयएन असतो, संचालकांच्या अहवालावर बोर्ड बैठकीची तारीख असते. हे सगळे एओसी-४ सोबत तुम्हीच जोडणार आहात. हिशेब तयार होते, मंजूर होते, मग ते भरायला अकाउंट्स हेड कशाला हवे होते? याला एकच चालणारे उत्तर आहे: एक्सबीआरएलमध्ये टॅगिंग करताना टिपांमधल्या आकड्यांबद्दल एजन्सीने विचारलेल्या शंकांची उत्तरे देणारे तेच होते. तेवढेच लिहा. 'वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अचानक जाण्याने कंपनीचे कामकाज विस्कळीत झाले' असले वाक्य कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही पत्रात बसते, म्हणून ते कोणी वाचत नाही.

एजन्सीशी वाद. हे कारण एओसी-४ साठी खरे आहे, कारण भरणा भांडवल पाच कोटी किंवा अधिक असल्याने तुम्हाला एक्सबीआरएल टाळता येत नाही. इन्स्टन्स डॉक्युमेंट व्हॅलिडेशन टूलमधून पार झाल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. पण एमजीटी-७ ला एक्सबीआरएल लागतच नाही. तिथे लागतात भागधारकांची यादी, भागहस्तांतरणे, बैठकांचा तपशील आणि तुमच्या भांडवलाच्या आकारामुळे व्यवसायी सीएसचे एमजीटी-८ प्रमाणपत्र. एजन्सीचा त्यात काही संबंध नाही. दोन्ही फॉर्मांसाठी एकच कारण दिलेत की अधिकारी सुनावणीत हाच प्रश्न विचारणार, आणि त्याचे उत्तर तुमच्याकडे नसणार. एमजीटी-७ चे खरे कारण बहुधा 'एओसी-४ झाले की एकत्र भरू' हेच असेल. असेल तर तसेच लिहा. ते दुबळे कारण आहे, पण खरे आहे आणि त्यात काही पकडण्यासारखे नाही.

डीएससी संपली. नवी क्लास ३ डीएससी मिळवून पोर्टलवर ती नोंदवायला किती वेळ लागतो ते त्या कार्यालयातल्या प्रत्येकाला माहीत आहे. हे कारण चार-पाच दिवस भरून काढते, चार महिने नाही. त्या चार-पाच दिवसांपुरतेच ते लिहा. हीच गोष्ट पोर्टल चालत नव्हते या कारणाची. हेल्पडेस्कचा तक्रार क्रमांक आणि त्या दिवसाचा स्क्रीनशॉट असेल तरच लिहा, नाहीतर सोडून द्या.

हे सगळे मांडल्यावर तुमच्या हिशेबात एक मोठी पोकळी उरेल. माझा अंदाज, जानेवारीच्या मध्यापासून नोटीस येईपर्यंतची. त्या काळात काहीच झाले नसेल तर 'काहीच झाले नाही' असे लिहा. सगळ्यांची धाव ती पोकळी विशेषणांनी भरण्याकडे असते: 'अपरिहार्य', 'आटोक्याबाहेरची परिस्थिती', 'कोणताही गैरहेतू नव्हता'. अशी पत्रे दिवसभर वाचणाऱ्याला ही विशेषणे दिसली की कळते, इथे तारखा नाहीत.

आता मसुदा देतो. निबंधक कार्यालय केंद्र सरकारचे, तिथला पत्रव्यवहार सहसा इंग्रजीत होतो, त्यामुळे अंतिम पत्र इंग्रजीत करा. मराठीत देतो आहे ते मांडणी कळावी म्हणून. ऑक्टोबरपासून फॉर्म भरेपर्यंतच्या मधल्या तारखा मी नमुना म्हणून घातल्या आहेत, त्या तुमच्या मेल आणि बिलांवरून बदलून घ्या.

> प्रति,
> कंपनी निबंधक तथा अधिनिर्णय अधिकारी
>
> विषय: दि. ३ मार्च २०२५ ची कारणे दाखवा नोटीस. कलम ९२ (४) व १३७ (१) खालील कसूर दुरुस्त केल्याची माहिती आणि कलम ४५४ (३) च्या परंतुकानुसार कार्यवाही समाप्त करण्याची विनंती.
>
> महोदय,
>
> १. वरील नोटीस आम्हास दि. ८ मार्च २०२५ रोजी प्राप्त झाली. हे उत्तर कंपनीतर्फे (बोर्ड ठराव दि. १२ मार्च २०२५), व्यवस्थापकीय संचालकांतर्फे (अधिकारपत्र सोबत) आणि कंपनी सेक्रेटरी या नात्याने माझ्या स्वतःतर्फे सादर करीत आहे.
>
> २. आर्थिक वर्ष २०२३-२४ ची वार्षिक सर्वसाधारण सभा दि. ३० सप्टेंबर २०२४ रोजी, विहित मुदतीत झाली व वित्तीय विवरणे त्या सभेत मंजूर झाली. एओसी-४ एक्सबीआरएल दि. ३० ऑक्टोबर २०२४ पर्यंत आणि एमजीटी-७ दि. २९ नोव्हेंबर २०२४ पर्यंत दाखल होणे आवश्यक होते. ते झाले नाहीत, हे मान्य आहे.
>
> ३. दोन्ही विवरणे दि. १७ मार्च २०२५ रोजी अतिरिक्त शुल्कासह दाखल केली आहेत. एसआरएन व चलनांच्या प्रती परिशिष्ट अ मध्ये आहेत. ही तारीख नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत येते.
>
> ४. एओसी-४ च्या विलंबाची कारणे अशी. एक्सबीआरएल रूपांतराचा पहिला मसुदा दि. २२ ऑक्टोबर रोजी मिळाला. त्यातील देयकांच्या मुदतवार तक्त्यातील आकडे लेखापरीक्षित विवरणांशी जुळत नव्हते. खुलासा करू शकणारे लेखाविभाग प्रमुख दि. १४ ऑक्टोबर रोजी सेवामुक्त झाले होते. दि. ११ नोव्हेंबर रोजी एजन्सीने देयकाच्या वादावरून काम थांबविले. दि. १६ डिसेंबर रोजी दुसरी एजन्सी नेमली व दि. ९ जानेवारी २०२५ रोजी अंतिम मसुदा मिळाला. दि. १२ ते १६ जानेवारी या काळात व्यवस्थापकीय संचालकांच्या डिजिटल स्वाक्षरीचे नूतनीकरण चालू होते. संबंधित मेल परिशिष्ट ब मध्ये आहेत.
>
> ५. दि. १७ जानेवारीनंतर नोटीस मिळेपर्यंतच्या विलंबास वरीलपैकी कोणतेही कारण लागू नाही. या काळात पाठपुरावा झाला नाही.
>
> ६. एमजीटी-७ दाखल करण्यात तांत्रिक अडचण नव्हती. ते एओसी-४ नंतर भरावे या विचाराने थांबविले गेले.
>
> ७. कंपनीची यापूर्वीच्या तीन आर्थिक वर्षांची विवरणे मुदतीत दाखल झाली आहेत (एसआरएन परिशिष्ट क). या विलंबातून कंपनीस वा संचालकांस कोणताही लाभ झालेला नाही, आणि कोणाही भागधारकाची वा धनकोची तक्रार कंपनीकडे आलेली नाही.
>
> ८. सबब विनंती की, कलम ४५४ (३) च्या परंतुकानुसार दंड न आकारता ही कार्यवाही तिन्ही नोटीसधारकांच्या बाबतीत समाप्त झाल्याचा आदेश द्यावा. काही शंका असल्यास आदेशापूर्वी सुनावणीची संधी द्यावी.
>
> कळावे,
> कंपनी सेक्रेटरी

सातव्या परिच्छेदावर थोडे थांबतो. तिथली तिन्ही विधाने अधिनिर्णय नियमांतल्या बाबींवरून घेतली आहेत: पुनरावृत्ती, अवाजवी लाभ, गुंतवणूकदार वा धनकोंचे नुकसान. पण ती खरी असतील तरच ठेवा. २०२१-२२ चे विवरणही उशिरा भरले असेल तर ते निबंधकांच्या पडद्यावर एका क्लिकवर दिसते. मग 'तीन वर्षे मुदतीत' हे वाक्य काढा आणि जेवढी वर्षे वेळेत आहेत तेवढीच लिहा. बँकेने तारण कर्जाच्या नूतनीकरणात विवरणे मागून पत्र पाठवले असेल, तर धनकोची तक्रार नाही असे लिहिण्याआधी ते पत्र पुन्हा वाचा.

पाचवा परिच्छेद पाहून तुमचे एमडी नक्की म्हणतील की हे कशाला कबूल करायचे. त्यांना सांगा की परंतुक कारण विचारत नाही, म्हणून या कबुलीची किंमत शून्य आहे. उलट ती पोकळी झाकायला घातलेले एखादे वाक्य उद्या मेलच्या तारखांशी जुळले नाही तर त्याची किंमत बरीच आहे.

सादर करण्याबद्दल. १६ सप्टेंबर २०२४ पासून अधिनिर्णयाची सगळी कार्यवाही इलेक्ट्रॉनिक मंचावर चालते: नोटीस, उत्तर, कागदपत्रे, सुनावणी, आदेश, दंडाचा भरणासुद्धा. त्यामुळे उत्तर तिथेच अपलोड करा आणि पोच जपून ठेवा. जुन्या सवयीने स्पीड पोस्टने नुसता कागद पाठवून निश्चिंत राहू नका.

अपलोड करण्याआधी एमसीएच्या पोर्टलवर जाऊन दोन्ही एसआरएनची स्थिती पाहा. चलन भरायचे राहिले असेल तर फॉर्म दाखल झालेला नसतो, मग तो कितीही 'अपलोड' झालेला दिसो. आणि एक्सबीआरएलची फाइल घाईत भरू नका. नव्या एजन्सीने देयकांचा तो मुदतवार तक्ता लेखापरीक्षित विवरणांशी जुळवला आहे ना, हे छापील ताळेबंद शेजारी ठेवून स्वतः पाहा. पुढे फॉर्म सदोष ठरवला गेला तर कसूर मुदतीत दुरुस्त झाली होती की नाही, हा नवाच वाद उभा राहतो.

२ एप्रिल चुकला तर? तेव्हा पत्रातला आठवा परिच्छेद निरुपयोगी होतो आणि दयेला फारशी जागा उरत नाही. या दोन कलमांतला दंड ठरलेला आहे: दहा हजार, अधिक कसूर चालू राहील त्या प्रत्येक दिवसाचे शंभर. कंपनीला कमाल दोन लाख, अधिकाऱ्याला कमाल पन्नास हजार. रक्कम ठरलेली असते तिथे अधिकाऱ्याला तीच लावावी लागते. समजा फॉर्म ३० एप्रिलला भरले. एओसी-४ साठी १८२ दिवस, म्हणजे २८,२०० रुपये कंपनीला आणि तेवढेच एमडींना. एमजीटी-७ साठी १५२ दिवस, म्हणजे २५,२०० रुपये कंपनीला, एमडींना आणि तुम्हाला, प्रत्येकी. मिळून १,३२,००० रुपये, लेट फी वेगळी. सीएफओ किंवा आणखी एखादा पूर्णवेळ संचालक असेल तर आकडा वाढेल. कंपनी लघु कंपनीच्या व्याख्येत बसत असती तर कलम ४४६ ब खाली हे निम्मे झाले असते, पण अकरा कोटींच्या भरणा भांडवलाला ते दार सध्या बंद आहे. त्या आदेशाविरुद्ध साठ दिवसांत प्रादेशिक संचालकांकडे अपील करता येते, पण ठरलेल्या रकमेविरुद्ध अपिलात तरी काय मांडणार?

हे सगळे एजीएम वेळेत झाली म्हणून. कोणाची एजीएमच झाली नसेल तर वरचा मसुदा उचलू नका. सभा न घेणे ही कलम ९६ ची कसूर आहे, तिची शिक्षा कलम ९९ मध्ये आहे, आणि कलम ४५४ चे हे परंतुक तिला लागू नाही. तिथे कलम ४४१ खाली तडजोडीचा, म्हणजे कम्पाउंडिंगचा अर्ज करावा लागतो. मसुद्यातल्या दुसऱ्या परिच्छेदासारखा 'सभा झाली नाही हे मान्य आहे' असा सरळ कबुलीजबाब आधी पत्रात देऊन बसलात तर तो त्या अर्जाआधीच नोंदीवर येतो. सभेला मुदतवाढ हवी असेल तर कलम ९६ खाली निबंधक तीन महिन्यांपर्यंत देऊ शकतात, पण त्यासाठीचा अर्ज ३० सप्टेंबरच्या आधी जायला हवा. नंतर केलेल्या अर्जावर काही होत नाही.

कार्यवाही समाप्त झाल्याचा आदेश आला की तो २०२४-२५ च्या एमजीटी-७ च्या फाइलमध्ये लावून ठेवा. त्या फॉर्ममध्ये दंड आणि शिक्षांचा तक्ता असतो. तो भरताना 'नाही' लिहायचे की काही लिहायचे, हे आदेशातल्या शब्दांवरून ठरवा. एमजीटी-८ देणारे सीएसही तुमच्याकडे आधी हाच कागद मागतील.